एकदा धुतल्यावर क्रोशाच्या खेळण्याचा डोळा ढिला होतो: दोष कसा ओळखायचा आणि लिस्टिंगमध्ये काय लिहायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "ससा आला तेव्हा चांगला होता, एकदा धुतला आणि डोळा हलायला लागला." सोबत एक फोटो असतो. त्यात डोळा तिरपा झालेला, एक गाल बसलेला, आणि कधी कधी डोळ्याच्या कडेने आतलं पांढरं भरण डोकावत असतं. विकणारी बाई म्हणते, डोळे तर सेफ्टीचेच लावले होते. घेणारी म्हणते, लिस्टिंगमध्ये धुता येतो असं लिहिलं होतं. दोघींचंही खरं असतं.

गोंधळ असा की "डोळा ढिला" या एका तक्रारीत तीन वेगळे दोष असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. आपल्याकडे मात्र सगळ्यांवर एकच इलाज होतो, गरम गोंदाचा ठिपका. गोंदाने फोटोपुरता डोळा सरळ दिसतो. पुढच्या धुण्यात तो पुन्हा सुटतो, आणि आता त्याच्यासोबत गोंदाचा टणक गोळाही लेकराच्या हाती लागतो. म्हणून आधी गोंदाची बंदूक बाजूला ठेवा आणि खेळणं हातात घ्या.

बोटांनी तपासा

सेफ्टी डोळ्याचे दोन भाग असतात. बाहेर दिसणारी काळी टिकली आणि तिला जोडलेली कंगोऱ्यांची दांडी हा एक भाग. आतून त्या दांडीवर दाबून बसवायची चकती, म्हणजे वॉशर, हा दुसरा. विणलेलं कापड या दोघांच्या मध्ये चिमटीत धरलं जातं. बसवतानाची ती चिमटी जितकी घट्ट, तितका डोळा पक्का.

टिकलीच्या कडेखाली दोन्ही नखं घाला आणि डोळा हळूच बाहेर ओढा. कापड जागेवर राहिलं, टिकली तेवढी वर आली आणि टिकली-कापडामध्ये दांडी दिसायला लागली, तर वॉशर दांडीवर सरकतो आहे. हा पहिला दोष.

डोळ्यासोबत कापडही तंबूसारखं वर आलं आणि त्याच्या पायथ्याशी टाके फाकले, फाकलेल्या जागेतून वॉशरची कड किंवा भरण दिसलं, तर वॉशर ठीक आहे, वीण सैल आहे. हा दुसरा दोष. धोका यात सगळ्यात जास्त, कारण इथे टिकली आणि वॉशर दोन्ही एकत्र अख्खे बाहेर येतात.

ओढल्यावर काहीच वर येत नाही, पण दाबल्यावर डोळा आत जातो आणि एका बाजूला कलतो, मागे पोकळी लागते, तर डोळ्याचा काही दोष नाही. मागचं भरण बसलं आहे. हा तिसरा दोष, आणि आपल्या भागात तो सगळ्यात जास्त सापडतो. त्याचं कारण पुढे सांगते.

वॉशर सरकत असेल तर

वॉशर बसवताना "टक्" असा आवाज येतो. पुष्कळ जणी पहिल्या आवाजावर थांबतात. तेवढ्यात वॉशर फक्त पहिल्या कंगोऱ्यावर अडकलेला असतो. हाताला घट्ट वाटतो, पण पिळल्यावर मागे सरकतो. कापडाला टेकेपर्यंत तो खाली जायला हवा. अंगठ्याने दाबून जमत नसेल तर जमिनीवर फडक्याची घडी घाला, टिकली तिच्यावर पालथी ठेवा आणि दांडीवर शिलाई मशीनच्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं धरून तळहाताने जोर द्या. रिळाच्या भोकात दांडी जाते आणि जोर सगळीकडून सारखा वॉशरवर येतो.

वॉशरची कोणती बाजू कापडाकडे ठेवायची यावरून वाद होतात. नवीन पाकीट आणलं की त्यातला एक डोळा वाया घालवा. उरलेल्या विणकामाच्या तुकड्यात वॉशर आधी एका बाजूने बसवा, ओढून पाहा, मग तो कापून दुसरा वॉशर उलट्या बाजूने. ज्या बाजूने निघत नाही ती त्या पाकिटाची खरी बाजू. एवढं करूनही सरकत असेल तर ते पाकीटच वापरू नका.

मखमली जाड लोकरीत हा दोष हमखास येतो. कापड इतकं जाड होतं की दांडी आत कमी शिल्लक राहते आणि वॉशरला दुसरा कंगोरा मिळतच नाही. तिथे लांब दांडीचे डोळे घ्या, नाहीतर डोळे भरतकामाचेच करा.

वीण सैल असेल तर

सुई जाड, दोरा बारीक, असं झालं की टाक्यांमध्ये फट राहते. चार पदरी सुती दोऱ्याला ३.५ मिमीची सुई घेतली तर काम झपाट्याने होतं, पण खेळण्यासाठी ती वीण फार मोकळी पडते. त्याच दोऱ्याला २.५ मिमीची सुई घ्या. हात दुखतो, वेळ जास्त लागतो, दोराही जास्त जातो. किंमत लावताना तो वेळ धरा.

मुका खांब घालताना दोरा सुईवरून गुंडाळून ओढायची आपली सवय आहे. त्याऐवजी सुईच दोऱ्यावरून नेऊन दोरा खालून धरून ओढला, तर टाका इंग्रजी व्हीऐवजी फुलीसारखा दिसतो आणि वीण आपोआप आवळली जाते. निदान डोक्याच्या गोळ्यासाठी तरी ही पद्धत वापरावी.

डोळ्याची दांडी वाढवलेल्या टाक्याच्या किंवा दोन टाके एकत्र केल्याच्या भोकातून काढू नका. तिथे फट आधीच मोठी असते. आणि आतून, कापड आणि वॉशर यांच्या मध्ये, जुन्या जीन्सच्या कापडाची रुपयाएवढी चकती घाला. तिला मधोमध दांडी जेमतेम जाईल एवढंच भोक पाडा. मग वॉशरचा जोर दोन-चार टाक्यांवर न पडता अख्ख्या चकतीवर पसरतो. मात्र चकती घातल्यावर वॉशर पूर्वीइतकाच खोल बसतो का ते पुन्हा पाहा, नाहीतर दुसरा दोष घालवताना पहिला ओढवून घ्याल.

भरण बसलं असेल तर

घरात कापूस पडलेला असताना पैसे देऊन पॉलिस्टरचं फायबर आणायचं, हे वर्धा-यवतमाळकडे कोणाच्या गळी उतरत नाही. "आपल्या घरचा कापूस काऊन नाई भरायचा?" हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. प्रश्न रास्त आहे. गादीला, उशीला आपण तोच भरतो. पण गादी कोणी बादलीत बुडवत नाही.

कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. ओला झाला की त्याचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात, आणि बाहेरून पिळल्यावर त्याच्या गाठी होतात. वाळल्यावरही त्या गाठी सुटत नाहीत. गादीतला कापूस आपण पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतो. सशाच्या डोक्यातला कोण पिंजणार? शिवाय सरकीचे तुकडे, पानाचा चुरा राहिला असेल तर ओलाव्यात पिवळे डाग बाहेर येतात. पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी तंतूंच्या मध्ये अडकतं, दाबलं की निघून जातं, आणि पोकळ वेटोळ्या तंतूंमुळे भरण परत फुगतं. दुकानात रेक्रॉन म्हणून मागितलं की हेच मिळतं.

आता आषाढ-श्रावणातली हवा धरा. कापूस भरलेला जाड ससा बाहेरून कोरडा लागतो, पण आत ओला राहतो आणि कुबट वास धरतो. हाताला ते कळत नाही, काट्यावर कळतं. धुण्याआधी खेळणं स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. वाळल्यावर वजन पुन्हा त्याच आकड्यापर्यंत उतरलं नाही, तर आत पाणी आहे. खेळणं पाठवताना लिस्टिंगमध्ये कोरडं वजन लिहिलंत तर घेणारीलाही हीच युक्ती वापरता येते.

कापूसच भरायचा असेल तर भरा, त्यात गैर काही नाही. फक्त लिस्टिंगमध्ये "धुता येतं" असं लिहू नका. "आत कापूस आहे, ओल्या फडक्याने पुसावं, बुडवू नये" एवढं स्पष्ट लिहा. आणि ते लेकरांनी चोखायचं खेळणं म्हणून विकू नका, कारण चोखलेलं खेळणं धुवावंच लागतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आर्वीकडच्या एका ताईंचा ससा पुण्याहून परत आला होता. त्यांची लिस्टिंग अशी होती: "क्रोशाचा ससा, कॉटन, १० इंच, सेफ्टी डोळे, वॉशेबल, बाळासाठी छान भेट." घेणारीने तो रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवला, पिळला आणि कानांना चिमटे लावून दोरीवर टांगला. तिने लिस्टिंगविरुद्ध काहीच केलं नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं.

ओढून पाहिलं तर डावा डोळा कापडासकट वर येत होता आणि कडेला फट दिसत होती, म्हणजे दुसरा दोष. दाबलं तर दोन्ही डोळे आत जात होते, म्हणजे तिसराही. वॉशर मात्र जागच्या जागी होते. ताई म्हणाल्या, "वॉशर तं म्या लय जोर लावून बसवले व्हते बाई." ते दिसतच होतं.

मानेची शिवण उसवली. आत घरचा कापूस होता, त्याचे घट्ट गोळे झाले होते, आणि मधला गोळा अजून ओला होता. पुण्याहून येईपर्यंत तो वाळला नव्हता. सुती दोरा, ३.५ ची सुई, १२ मिमीचे डोळे. ओल्या कापसाच्या वजनाने मान लांबली होती आणि कान टांगून टांगून बोटभर वाढले होते. सुती दोरा ओला असताना ताणला की तसाच राहतो, हे त्याचं कारण. तेवढ्यात १० इंच या मापाचाही उलगडा झाला. कानांसकट १०, पण बसलेला ससा डोक्यापर्यंत जेमतेम ६ इंच. घेणारीने त्यावरही एक ओळ लिहिली होती.

तो ससा विकायच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून त्याच्यावर चाचणी घेतली. टिकलीच्या कडेखाली नायलॉन दोऱ्याचा फास घातला, फासाला बॅगा तोलायचा लटकता काटा अडकवला आणि हळूहळू ओढत नेलं. ६ किलोच्या जवळ टाके फाकले आणि टिकली-वॉशरची जोडी अख्खी बाहेर आली. मग ताईंनी २.५ च्या सुईने नवं डोकं विणलं, आतून जीन्सची चकती घातली, पॉलिस्टर भरलं. ते आधी धुऊन वाळवलं आणि मग ओढलं. ९ किलोला १० सेकंद धरून ठेवलं तरी डोळा हलला नाही. चाचणी नेहमी धुतल्यानंतरच घ्यावी. कोऱ्या खेळण्यावर जवळपास सगळेच डोळे पास होतात.

९ किलो हा आकडा मनाचा नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ७१ च्या पहिल्या भागात, ६ मिमीपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटनचा ओढा सहन करावा लागतो. तो साधारण ९ किलोचा होतो. ६ मिमी किंवा त्याहून लहान भागाला ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलो. आपली घरची चाचणी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, तेव्हा "लॅब टेस्टेड" असं लिहू नका. तिने फक्त वाईट नमुना आधीच पकडला जातो. आणि ओढलेला नमुना विकायचा नाही. तो डब्यात ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतो.

तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर

इथे माझं मत ठाम आहे: प्लॅस्टिकचे डोळे नकोत, कितीही घट्ट बसवलेले असले तरी. लहान भागांच्या चाचणीत ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. सुटलेली वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण मावली, तर ती त्या वयासाठी धोक्याची. ६ पासून १२ मिमीपर्यंतचा कुठलाही डोळा तिच्यात आरामात मावतो. बटणं, मणी, हलत्या बाहुलीचे डोळे, चिकटवलेली फेल्टची टिकली, हे तर आणखी वाईट.

काळ्या दोऱ्याने भरलेला डोळा घाला. एकाच जागी सात-आठ आडवे टाके, त्यावर कोपऱ्यात पांढरा एक टाका. दोऱ्याचं टोक गाठ मारून आत सोडू नका. डोक्यातून आरपार नेऊन दोन-तीन ठिकाणी परत फिरवा आणि मग कापा. काळा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर पहिल्याच धुण्यात सशाच्या डोळ्याखाली काजळ ओघळेल.

पुष्कळ जणी यातून पळवाट म्हणून "फक्त शोभेसाठी" लिहितात आणि खालीच "बाळाच्या बारशाला उत्तम" असंही लिहितात. दुसरी ओळ पहिलीला खोडते. खेळणं म्हणून विकत असाल तर हेही माहीत असू द्या: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून कारागीर ओळखपत्र काढून ठेवणं पहिलं काम. मात्र ही सूट चिन्हापुरती आहे. घशात अडकलेल्या डोळ्याला ती लागू होत नाही.

धुण्याची ओळ

धुण्याची सूचना दोऱ्यावरून नाही, आतल्या भरणावरून आणि डोळ्यावरून ठरते. चांगलं पॉलिस्टर भरलेल्या, पक्क्या विणीच्या खेळण्यासाठी मी असं लिहिते: गार पाणी, थोडा पातळ साबण, दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजवायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत, वाऱ्याला, आडवं ठेवून वाळवायचं. बोअरचं पाणी जड असेल तर वडीच्या साबणाचा पांढुरका थर दोऱ्यावर बसतो आणि खेळणं कडक होतं, म्हणून पातळ साबण. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात गुलाबी रंग फिका पडतो, म्हणून सावली. ॲक्रिलिक लोकर गरम पाण्यात किंवा इस्त्रीखाली गेली तर लुळी पडते आणि ताणलेली तशीच राहते, म्हणून गार पाणी. ॲक्रिलिक असो वा सुती, कानांना धरून टांगायचं नाही.

ताईंची नवी लिस्टिंग आता अशी आहे:

"क्रोशाचा बसका ससा. दोरा: चार पदरी सुती, २.५ मिमी सुईची घट्ट वीण. उंची: बसलेला, डोक्यापर्यंत ६ इंच, कानांसकट १० इंच. कोरडं वजन चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. भरण: नवं पॉलिस्टर फायबर. डोळे: काळ्या दोऱ्याने भरलेले, प्लॅस्टिक नाही. (१२ मिमी प्लॅस्टिकचे डोळे हवे असल्यास तीन वर्षांवरील मुलांसाठीच, मागणीप्रमाणे.) धुणे: गार पाण्यात हाताने, १० मिनिटं, पिळू नये, टॉवेलात दाबून सावलीत आडवं वाळवावं. वजन चिठ्ठीवरच्या आकड्यावर आलं की पूर्ण वाळलं."

फोटोंमध्ये डोळ्याचा एक जवळून काढलेला फोटो टाकायचा आणि एका फोटोत सशाशेजारी मोजपट्टी ठेवायची.

आधीच विकलेलं खेळणं परत आलं तर

बाहेरून दुरुस्ती करायला जाऊ नका. मान किंवा बूड उसवा. वॉशर ओढून काढता येत नाही, निघाला तर तो आधीपासूनच वाईट होता. आतून कटरने दांडी कापा, डोळा टाकून द्या आणि नवीन लावा किंवा भरा. कापलेली दांडी आणि वॉशरचे तुकडे मोजून बाहेर काढा, भरणात राहू देऊ नका. आत ओला कापूस सापडला तर तो वाळवून पुन्हा भरू नका. वीणच सैल असेल तर डोकं नव्याने विणणं जुन्यावर टाके मारण्यापेक्षा स्वस्त पडतं. सशाचं डोकं एका दुपारचं काम आहे.